घासलं की फुगणारे डाग: बाळाच्या मास्टोसायटोसिसचा नेमका अर्थ

प्रश्न: माझी मुलगी ११ महिन्यांची आहे. चौथ्या महिन्यापासून तिच्या पोटावर, पाठीवर आणि मांड्यांवर तपकिरी डाग येत गेले, आता पंचवीस-तीस असतील. एरवी ते शांत असतात, पण मालिश आणि अंघोळ झाली की नेमके तेवढेच डाग लाल होऊन फुगतात आणि ती खाजवत रडते. डॉक्टरांनी मास्टोसायटोसिस असं लिहून दिलंय आणि बोन मॅरो तपासणीचा विषय काढलाय. नेटवर वाचलं तर रक्ताच्या कॅन्सरचं नाव येतंय. हे नेमकं काय आहे?

उत्तर: ताई, बोन मॅरोचं आधी सांगते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. डाग पहिल्या वर्षातच सुरू झालेत. त्यासोबत मुलीचं वजन नीट वाढत असेल, यकृत-प्लीहा किंवा गाठी वाढलेल्या नसतील आणि साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ठीक असेल, तर तिच्या हाडातून मगज काढून तपासण्याची गरज नाही. लहान मुलांचा मास्टोसायटोसिस बहुतेक वेळा कातडीतच असतो आणि कातडीतच राहतो. बोन मॅरो कधी लागतो तेही सांगेन, पण त्याआधी हे डाग का फुगतात ते समजून घेऊ. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या कातडीत, रक्तवाहिन्या आणि नसांच्या आसपास, मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पोटात हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज अशा रसायनांचे बारीक दाणे ठासून भरलेले असतात. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला १८७८ साली सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या, तेव्हा त्याला वाटलं की या भरपेट खाल्लेल्या पेशी आहेत. जर्मनमध्ये जनावर खाऊ घालून पोसण्याला ‘मास्ट’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. खरं तर ते दाणे पेशी स्वतःच तयार करते. डास चावला, काही टोचलं की ती ते बाहेर फेकते, आसपासच्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपतं, आणि आपल्याला लाली, सूज, खाज दिसते. अंगावर पित्त उठतं तेव्हाही हेच होतं.

तुमच्या मुलीच्या प्रत्येक डागाच्या जागी अशा पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जमल्या आहेत. मास्टोसायटोसिस या शब्दाचा अर्थ एवढाच: मास्ट पेशी जास्त होणं. डाग तपकिरी दिसतो कारण त्या पेशींच्या सहवासात वरच्या थरातलं रंगद्रव्यही वाढतं. आणि तो घासला की फुगतो कारण घर्षणाने, उष्णतेने या पेशींचे दाणे सुटतात. शेजारच्या निरोगी कातडीत पेशी मोजक्या आहेत म्हणून तिथे काही होत नाही. तुम्ही ‘नेमके तेवढेच डाग’ असं लिहिलंत, निदानाच्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातले सगळ्यात मोलाचे शब्द तेच आहेत.

या फुगण्याला डॅरिए चिन्ह म्हणतात, झां डॅरिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावावरून. दवाखान्यात आम्ही ते ठरलेल्या पद्धतीने बघतो. बाळ शांत आणि उबदार असताना एक डाग निवडायचा, घसा तपासायच्या लाकडी पट्टीच्या बोथट कडेने मध्यम दाब देऊन त्यावरून पाच वेळा फिरवायचं आणि थांबायचं. काही मिनिटांत डाग उंचावतो, भोवती लाली पसरते. मग तेवढ्याच जोराने शेजारच्या साध्या कातडीवर पट्टी फिरवायची. तिथेही वळ उठला तर घासलं की अंगभर वळ उठण्याची, म्हणजे डर्मोग्राफिझमची, शक्यता मनात ठेवावी लागते. दोन्ही जागा तपासल्याशिवाय चिन्ह आहे किंवा नाही असं म्हणायचं नसतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली कधीकधी जांभळट किंवा नुसतीच गडद दिसते, म्हणून मी डोळ्यांपेक्षा बोटावर विसंबते: डागावरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो, आणि खिडकीकडून तिरपा उजेड घेतला तर तो दिसतोही. तुम्ही घरी हे मुद्दाम करून बघू नका. एकदा खात्री झाली की पुन्हापुन्हा घासण्यात मुलीला त्रास देण्यापलीकडे काही मिळत नाही. बाळाला मोठी जाड गाठ असेल किंवा सगळी कातडीच जाडसर होऊन फोड येत असतील, तर आम्हीसुद्धा ते घासत नाही, कारण एकाच वेळी खूप हिस्टामिन सुटून रक्तदाब पडू शकतो. तुमच्या मुलीला मालिश आणि अंघोळीनंतर जे होतं त्याचे दोन फोटो, आधीचा आणि पाच मिनिटांनंतरचा, एवढे डॉक्टरांना पुरेसे आहेत.

आता कॅन्सर. तो शब्द नेटवर का येतो याचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या अर्बुदांचं, म्हणजे त्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारांचं, वर्गीकरण करते, आणि मास्टोसायटोसिसची नोंद त्या यादीत आहे. मास्ट पेशींचा जन्म बोन मॅरोत होतो, त्यामुळे त्यांचा आजार त्या घरात मांडला गेला. शिवाय मोठ्या माणसांत हा आजार दिसला तर तो बहुतेक वेळा कातडीपुरता नसतो, बोन मॅरोतही असतो, आणि नेटवरचं बरंचसं लिखाण त्यांच्याबद्दल आहे. दोघांत एक समान धागा आहे: किट नावाच्या जनुकात झालेला बदल. हे जनुक मास्ट पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारं बटण बनवतं, आणि बदलामुळे ते बटण चालूच राहतं. मोठ्यांत हा बदल बहुतांश वेळा एकाच ठराविक जागी असतो. मुलांत तो अनेकदा त्याच जनुकात पण वेगवेगळ्या जागी असतो, आणि आजाराची चालही वेगळी असते. मोठ्यांचा टिकून राहतो, मुलांचा बहुधा वयाबरोबर ओसरतो. म्हणून एकाचं वाचून दुसऱ्याला लावू नये.

हा बदल गर्भात वाढताना त्या बाळाच्या काही पेशींत आपोआप झालेला असतो. तुमच्याकडून किंवा बाळाच्या वडिलांकडून तो आलेला नसतो, आणि पुढच्या बाळाला होण्याची भीती नगण्य. एकाच घरात अनेकांना असण्याची उदाहरणं आहेत, पण फार थोडी. तुम्ही गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांनी हा प्रश्न सासूबाई खोलीबाहेर गेल्यावर हळूच विचारलाय.

दुसरं काही असू शकतं का, हेही बघायला हवं. आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत होते ती डास-पिसवांच्या चाव्यांनंतर राहणाऱ्या काळ्या डागांशी. ते बहुधा हातापायांच्या उघड्या भागावर असतात, आणि नवा किडा चावला की फुगतात. घासल्याने नाही. कॉफीसारख्या रंगाचे जन्मडाग सपाट असतात, घासा किंवा अंघोळ घाला, ते ढिम्म राहतात. पण लहान मुलाच्या अंगावर असे सहा किंवा जास्त डाग पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असतील तर त्याची वेगळी तपासणी लागते, म्हणून तेही दाखवायचेच. साधं अंगावरचं पित्त जागा बदलतं, चोवीस तासांत मागमूस न ठेवता जातं. मास्टोसायटोसिसचा डाग मात्र सूज उतरली तरी तिथेच तपकिरी उरतो. याच जोडीवरून इंग्लंडमध्ये १८६९ साली एडवर्ड नेटलशिपने दोन वर्षांच्या मुलीचं पहिलं वर्णन लिहिलं, आणि पुढे या दुखण्याला ‘अर्टिकेरिया पिगमेंटोझा’, म्हणजे रंग ठेवून जाणारं पित्त, असं नाव मिळालं. तुमच्या एखाद्या कागदावर ते जुनं नाव आलं तर घाबरू नका, आजार तोच.

एका मुलाची हकिगत सांगते, म्हणजे हे कसं चालतं ते डोळ्यांपुढे येईल. काही वर्षांपूर्वी नऊ महिन्यांचा एक मुलगा आई आणि आजीसोबत आला. तिसऱ्या महिन्यापासून डाग. आजीने पित्त समजून कोकमाचं आगळ लावलं होतं. मग मेडिकलच्या दुकानातून एक मलम आणलं, त्यात बुरशीचं औषध आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र होतं. त्याने दोन डाग फिके झाले म्हणून ते दीड महिना अंगभर चोपडलं. त्याच सुमारास पोटावरच्या डागावर फोड आला, तेव्हा शेजारणीने ‘चटका दिलात का’ असं विचारलं, आणि ते आईला फार लागलं होतं. फोडांबद्दल सांगायचं तर, पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाची कातडी नाजूक असते, सुटलेलं पाणी वरचा थर उचलून धरतं आणि डागावरच फोड येतो. तो फोडायचा नाही, स्वच्छ ठेवायचा. वय वाढलं की हे थांबतं.

मी त्याला पूर्ण उघडं करून मोजलं: ३४ डाग, सर्वांत लहान मुगाएवढा, सर्वांत मोठा रुपयाच्या नाण्याएवढा, काही सपाट, काही किंचित उंच, एक कपाळावर केसांच्या कडेला. तळहात-तळपाय मोकळे. आकारांची ही सरमिसळ मला आवडली, आणि का ते पुढे सांगते. पट्टी फिरवल्यावर तीन मिनिटांत डाग फुगला, शेजारची कातडी जशीच्या तशी. पोट तपासलं: यकृत, प्लीहा वाढलेले नाहीत. मानेत, काखेत, जांघेत गाठी नाहीत. वजन वयाला साजेसं. विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: अचानक चेहरा-अंग लालबुंद होतं का, पातळ शी वारंवार होते का, पोट दुखल्यासारखं पाय पोटाशी घेतो का, कधी मलूल पडला का? आईने सांगितलं, मालिश-अंघोळीनंतर अर्धा तास अंग लाल होतं आणि मग तो गाढ झोपतो. घरी सगळे म्हणायचे, मालिशवाल्या बाईचा हात गुणी आहे. ती झोप हिस्टामिनचा झटका ओसरल्यानंतरचा थकवा असावा, असं माझं मत झालं, कारण मालिश बदलल्यावर लालीही गेली आणि ती झोपही.

त्याची बायोप्सी मी केली नाही. डागांचं रूप आणि फुगणं इतकं स्पष्ट असेल तर कातडीचा तुकडा काढून नवं काही कळत नाही. शंका असेल तेव्हा मात्र जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि मास्ट पेशी रंगवणारे खास रंग वापरायला पॅथॉलॉजिस्टला आधीच सांगावं लागतं, कारण नेहमीच्या रंगात त्या हुकू शकतात. रक्ताच्या दोनच चाचण्या केल्या: सीबीसी आणि ट्रिप्टेज. ट्रिप्टेज फक्त मास्ट पेशींतूनच मोठ्या प्रमाणात येतं, त्यामुळे अंगात त्यांचा एकूण साठा किती याचा तो अंदाज असतो. साधारण ११.४ नॅनोग्राम प्रति मिलिलीटरपर्यंत नेहमीचं धरतात. त्याचं आलं ७.२. हा नमुना बाळ शांत असताना घ्यायचा, मोठी लाली किंवा फोडांचा झटका येऊन गेल्यावर लगेच नाही, नाहीतर आकडा उगाच वर येतो आणि घर काळजीत पडतं. हे लक्षात ठेवा, कारण बोन मॅरोचा विषय बऱ्याचदा अशाच अवेळी घेतलेल्या एका आकड्यावरून निघालेला मी पाहिलाय.

मुलांत बोन मॅरोकडे वळायची कारणं मोजकी आहेत. यकृत-प्लीहा किंवा गाठी वाढलेल्या असणं, सीबीसीत पेशी कमी किंवा विचित्र दिसणं, पुन्हापुन्हा मोजलं तरी ट्रिप्टेज वीसच्या वर राहणं किंवा चढत जाणं. त्यातही शेवटच्या कारणात एक फाटा आहे: कातडीवर आजार खूप पसरलेला असेल तर निव्वळ कातडीतल्या साठ्यामुळेही आकडा वीसपलीकडे जातो, आणि काही घराण्यांत तो जन्मतःच जास्त असतो. म्हणून ट्रिप्टेज एकटं बघून सुई टोचायची नाही, मुलाकडे बघून ठरवायचं. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: यांपैकी कोणतं कारण माझ्या मुलीत आहे? त्यांच्याकडे कारण असेल तर ते सांगतील, आणि मग तपासणी योग्यच आहे.

त्या मुलावर पहिला उपाय औषधाचा नव्हता. बंद करायला सांगितली ती चोळून मालिश, डाळीच्या पिठाने अंग घासणं, कढत पाणी आणि अंघोळीनंतरची शेक-धुरी. आपल्या घरांत पायावर पालथं घालून तेल जिरेपर्यंत रगडायची आणि त्यावर ऊनऊन पाणी ओतायची रीत आहे, आणि मास्ट पेशींचे दाणे सुटायला घर्षण आणि उष्णता ही दोन्ही कारणं त्यात एकाच वेळी एकत्र येतात. आजी नाराज झाल्या. मालिशीशिवाय हाडं कशी भरणार, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही मधला मार्ग काढला: तेल लावायचं, पण तळहाताने हलकं पसरवायचं, डाग टाळायचे, रगडायचं नाही. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलं तर ऊनही नाही गारही नाही असं. पिठाऐवजी सौम्य साबण हाताने लावायचा. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. करदोटा सोडायचा, डायपरचं इलॅस्टिक डागावर येत असेल तर मोठ्या मापाचा घ्यायचा, कपडे सुती. दहा दिवसांत अंघोळीनंतरची लाली जवळजवळ थांबली. खाज उरली होती, तेवढ्यासाठी सेटिरिझिन या अँटिहिस्टामिनचं, म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधाचं, सिरप अडीच मिलिग्राम रोज एकदा दिलं. हे त्याच्या वय-वजनाचं माप होतं. तुमच्या मुलीला लागणार की नाही आणि किती, ते तिचे डॉक्टर ठरवतील. अशी औषधं खाज आणि लाली आवरतात, डाग पुसत नाहीत, म्हणून डाग गेले नाहीत या कारणाने डोस वाढवायचा नसतो. झोप आणणारी जुनी अँटिहिस्टामिनं रोज द्यायला मला आवडत नाहीत. आणि ते मलम थांबवलं. एखादीच गाठ त्रास देत असेल तर तेवढ्यावर काही आठवडे स्टेरॉइड लावता येतं, पण ३४ डागांवर दीड महिना म्हणजे अर्ध्या अंगावर स्टेरॉइड, आणि बाळाच्या कातडीतून ते आत शोषलं जातं.

खाण्याचं पथ्य नाही. पित्त म्हटलं की अंडं, मासे, वांगं, तूरडाळ, आंबट सगळं बंद करायची आपली सवय आहे. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाचं अन्न असं तोडलं तर नुकसान नक्की आणि फायदा शून्य. एखादा ठराविक पदार्थ दिल्यावर दर वेळी लाली आली, तरच तो डॉक्टरांशी बोलून थांबवायचा.

लस सगळ्या द्यायच्या, वेळच्या वेळी. डाग नसलेल्या जागी टोचून घ्या, आणि टोचल्यावर अर्धा ते एक तास दवाखान्यातच बसा. ज्या मुलांत आजार फार पसरलेला आहे त्यांना आधी अँटिहिस्टामिन देतात आणि दोन लसी एकाच दिवशी टाळतात. तुमच्या वर्णनावरून मुलगी त्यांत बसत नाही. ताप आला तर तापानेही डाग उठतात, म्हणून तो साध्या पॅरासिटामॉलने लवकर उतरवा.

औषधांच्या बाबतीत मी दोन गोष्टींचा आग्रह धरते. पहिली, खोकल्याची सिरपं. कोडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे घटक मास्ट पेशींचे दाणे सोडवू शकतात, आणि दुकानात विचारून घेतलेल्या कितीतरी सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. एवढ्या लहान बाळाला तसंही खोकल्याचं सिरप देऊ नये. तो मुलगा दोन वर्षांचा असताना मामाच्या गावी खोकला झाला, दुकानातून सिरप आणलं, आणि वीसेक मिनिटांत छाती-चेहरा लाल, सगळे डाग उभे, एक उलटी. तासाभरात ओसरलं. बाटलीचा फोटो त्यांनी मला पाठवला, त्यावर तोच घटक होता. दुसरी गोष्ट, तापाची जोडऔषधं, ज्यांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असतं. आयबुप्रोफेन आणि त्याचे भाऊबंद काही मुलांना त्रास देतात, बहुतेकांना देत नाहीत. मुलीला ते आधी दिलं होतं आणि काही झालं नव्हतं, तर बंदी घालायचं कारण नाही. कधीच दिलं नसेल तर पहिल्यांदा घरी, एकटीने, मध्यरात्री देऊ नका.

ऑपरेशनची वेळ आली, हर्निया असो वा आणखी काही, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना काही दिवस आधी भेटून हा आजार सांगा. मॉर्फिन आणि स्नायू सैल करणारी काही औषधं ते मग टाळतात किंवा जपून वापरतात, आधी अँटिहिस्टामिन देतात, टेबलावर बाळाला गार पडू देत नाहीत आणि स्पिरिट लावताना घासत नाहीत. माझ्या त्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन तीन वर्षांचा असताना असंच झालं आणि काहीही गडबड झाली नाही. जागा बधिर करायला साधं लिग्नोकेन चालतं.

आता धोक्याचं, कारण ते सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहील. थोडे डाग आणि साधं ट्रिप्टेज असलेल्या बाळात जीवघेणी प्रतिक्रिया येणं दुर्मिळ असतं. ती भीती खरी असते ती कातडीचा मोठा भाग व्यापलेल्या, मोठमोठे फोड येणाऱ्या, ट्रिप्टेज बरंच जास्त असलेल्या मुलांत. तरीही चिन्हं माहीत असावीत. नुसती लाली आणि खाज म्हणजे कपडे सैल करणं, थंड हवेत घेणं, डॉक्टरांनी सांगितलेला अँटिहिस्टामिनचा डोस. पण लालीसोबत बाळ मलूल, फिकट किंवा ढिलं पडलं, श्वासाला घरघर लागली, उलट्या सुटल्या, हाक मारल्यावर डोळे उघडेना, तर तो अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे तीच जीवघेणी प्रतिक्रिया, धरायचा. आडवं झोपवायचं, पाय किंचित वर, उलटी होत असेल तर कुशीवर, श्वास लागत असेल तर ज्या स्थितीत बरं वाटेल तसं. १०८ ला फोन किंवा सरळ जवळचं रुग्णालय. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अॅड्रेनॅलिन देतात, किलोमागे ०.०१ मिलिग्राम, म्हणजे १० किलोच्या बाळाला एका मिलिलीटरमध्ये एक मिलिग्राम असलेल्या औषधाचे ०.१ मिलिलीटर. इतर सगळं त्यानंतर. सिरप पाजत घरी वाट बघायची नाही. अशा झटक्यानंतर एक ते चार तासांत ट्रिप्टेज घेऊन शांत वेळच्या आकड्याशी ताडता येतं: शांत वेळच्या आकड्याला १.२ ने गुणून त्यात २ मिळवायचे, त्याच्या वर गेलं तर झटका मास्ट पेशींचाच होता. ७.२ असणाऱ्याला ही रेघ सुमारे १०.६ वर येते. म्हणून पहिला शांत वेळचा रिपोर्ट जपून ठेवा.

आकारांच्या सरमिसळीचं सांगायचं राहिलं. लहान-मोठे, वेड्यावाकड्या कडांचे, काही उंच असे मिश्र डाग ज्या मुलांत असतात, त्यांचे बहुधा वयात येईपर्यंत जातात किंवा खूप फिकट होतात. ज्यांचे सगळे डाग एकाच मापाचे, बारीक, गोल, सपाट आणि बहुतेक धडावर-मांड्यांवर असतात, ते मोठ्यांच्या आजाराच्या रूपाशी जुळतात आणि ते टिकून राहण्याची शक्यता जास्त. त्यांच्यावर लक्ष अधिक ठेवायचं, ट्रिप्टेज ठराविक काळाने पुन्हा मोजायचं. तुमच्या मुलीचे कोणत्या प्रकारचे आहेत ते फोटोवरून नीट कळणार नाही, हाताने बघावं लागेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

डाग जाण्याचीही एक रीत असते. पहिल्या वर्षात, कधी दुसऱ्यातही, नवे डाग येत राहतात आणि जुने बाळाबरोबर वाढतात, त्यामुळे आजार बळावतोय असं वाटतं. तसं नसतं. मग नवे येणं थांबतं. त्यानंतर फोड, मग फुगणं कमी होतं, आणि रंग सर्वांत शेवटी जातो. त्या मुलाला मी सहा वर्षांचा असताना पाहिलं तेव्हा पट्टी फिरवूनही काही फुगलं नाही, पण फिकट तपकिरी डाग अजून होते. म्हणजे आतल्या जादा पेशी ओसरल्या होत्या, कातडीला मागे राहिलेला रंग पुसायला वेळ लागत होता. तुमच्या मुलीचे डाग दोन वर्षांनीही दिसत असतील तर रंगाकडे बघू नका, अंघोळीनंतर किती फुगतात ते बघा. दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच उजेडात पोट आणि पाठ यांचा फोटो काढून ठेवा, आणि तपासणीला जाताना तो, ट्रिप्टेजचा पहिला रिपोर्ट आणि कधी लाली आली असेल तर त्याआधी तासाभरात काय खाल्लं, काय औषध दिलं, याची चार ओळींची नोंद सोबत न्या.